चष्म्याचे बिल

गेल्या महिन्यात एका पतसंस्थेतील लेखनिक भगिनी आपल्या अर्जाचा कच्चा मसुदा घेऊन संघटनेच्या कचेरीत आल्या. वय 51, नोकरी 26 वर्षांची, आणि त्यांपैकी शेवटची अठरा वर्षे संगणकाच्या पडद्यासमोर. मसुदा चार ओळींचा होता. ‘माझी दृष्टी कमी झाली असून आर्थिक परिस्थिती बेताची आहे, तरी साहेबांनी उदार अंतःकरणाने संगणकाच्या चष्म्यासाठी काही मदत मंजूर करावी,’ असा त्याचा आशय. सोबत चष्म्याच्या दुकानातून आणलेला दराचा कागद होता व त्यावर ‘निळ्या प्रकाशापासून संरक्षण’ अशी ओळ ठळक अक्षरांत छापलेली होती.

हा अर्ज करण्याची वेळ त्यांच्यावर का आली, हे आम्ही विचारले तेव्हा खरी हकीकत बाहेर आली. फेब्रुवारीत त्यांनी एका कर्जखात्यात 3,850 रुपयांच्या जागी 8,350 रुपये नोंदविले होते. पडताळणीत चूक सापडली, दुरुस्तही झाली; पण त्यांना लेखी समज देण्यात आली, आणि त्या कागदात ‘निष्काळजीपणा’ हा शब्द आहे. सव्वीस वर्षांच्या नोकरीत असा कागद त्यांच्या नावावर प्रथमच लागला. दुपारनंतर पडद्यावरील तीन आणि आठ एकमेकांत मिसळतात, मान मागे टाकून हनुवटी वर केल्याशिवाय आकडा उमटत नाही, आणि चार वाजता मानेत कळ येते, असे त्या म्हणाल्या. निष्काळजीपणाचा ठपका ज्या डोळ्यांवर आला, त्या डोळ्यांना कामाचे हत्यार पुरविण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न मात्र त्यांच्या मसुद्यात कोठेच नव्हता.

मदतीची याचना करणारा अर्ज मदतीच्याच मापाने मोजला जातो. साहेबांची मर्जी झाली तर पाचशे रुपये मिळतात, न झाल्यास अर्ज दप्तरी दाखल होतो. आणि दुकानदाराच्या जाहिरातीवर उभा असलेला अर्ज तर एका प्रश्नात कोसळतो. म्हणून असे पत्र कशाच्या आधारावर उभे करावे, हे थोडे खोलात जाऊन पाहणे आवश्यक वाटते. असे अर्ज लिहून देण्याचे काम आमच्या अनेक कार्यकर्त्यांच्या वाट्याला येते.

प्रथम डोळ्यांचे पाहू. चष्म्याला ‘चाळिशी’ म्हणणारी आपली भाषा या बाबतीत मोठी अचूक आहे. चाळिशीच्या आसपास डोळ्यातील भिंगाची लवचिकता इतकी कमी होते की जवळचे अक्षर स्वच्छ दिसण्यासाठी लागणारा फुगवटा त्याला घेता येत नाही. तो आजार नव्हे. तो प्रत्येकाच्या वाट्याला येतो. मग जवळच्या वाचनासाठी नंबर मिळतो व बहुधा बायफोकल चष्मा होतो : वर दूरचे, खाली जवळचे. हा खालचा भाग पुस्तक किंवा वर्तमानपत्र हातात धरण्याच्या अंतरासाठी, म्हणजे साधारण 40 सेंटिमीटरसाठी बनविलेला असतो, आणि तो खाली बसविलेला असतो, कारण वाचताना आपली नजर खाली वळते.

संगणकाचा पडदा या दोन्हींपैकी कोठेच बसत नाही. तो हातातल्या पुस्तकापेक्षा दूर, भिंतीवरच्या घड्याळापेक्षा जवळ, आणि सरळ डोळ्यांसमोर असतो. या भगिनींना आम्ही शिवणकामाची टेप देऊन कचेरीत अंतर मोजून आणावयास सांगितले. डोळ्यापासून पडदा 65 सेंटिमीटर भरला. आता हिशेब सोपा आहे. नंबर म्हणजे एक भागिले मीटरमधले अंतर. 40 सेंटिमीटरसाठी डोळ्याला अडीच नंबराइतके बळ लागते. 65 सेंटिमीटरसाठी सुमारे दीड. दोहोंत एका नंबराचा फरक. बाईंना दूरचा नंबर नाही; जवळचा नंबर अधिक सव्वादोन आहे. सव्वादोनच्या काचेतून 44 सेंटिमीटरच्या पलीकडचे काहीही स्वच्छ दिसू शकत नाही. डोळ्याने कितीही जोर लावला तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही. वरच्या, बिननंबरी भागातून पाहावे तर पडद्यासाठी लागणारे दीड नंबराचे सारे बळ डोळ्याने स्वतः पुरवावे लागते, आणि एक्कावन्नाव्या वर्षी तेवढे बळ क्षणभर जमले तरी सात तास टिकत नाही. सकाळी तीन हा तीन दिसतो आणि दुपारी आठ होतो, याचे कारण हे आहे. मान मागे टाकून खालच्या भागातून पाहण्याची सवय जडते आणि त्याबरोबर पुढे झुकून पडद्याजवळ जाण्याचीही. मानेतली कळ त्यातून येते.

सव्वादोनमधून एक वजा केला की सव्वा नंबर उरतो. अधिक सव्वाच्या, एकाच नंबराच्या साध्या काचा संपूर्ण चौकटीत बसविल्या तर 80 सेंटिमीटरपर्यंतचे सारे स्वच्छ दिसते. पडदा त्या टप्प्यात आरामात येतो व मान सरळ राहते. ‘संगणकाचा चष्मा’ म्हणजे खरे तर एवढेच : पडद्याच्या अंतरासाठी मोजून दिलेला नंबर. आणि याच चष्म्यातून 80 सेंटिमीटरच्या पलीकडचा रस्ता, बसचा फलक, आठ फुटांवरचा दूरदर्शन संच सारे धूसर दिसते. हा मुद्दा पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून लक्षात ठेवावा.

अर्थात डोळ्यांची प्रत्येक तक्रार चष्म्याची नसते, आणि ही छाननी अर्ज लिहिण्यापूर्वी आपणच करावी. पडद्याकडे एकटक पाहताना पापण्यांची उघडझाप निम्म्याहून कमी होते. डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, लाल होतात. दोन मिनिटे डोळे मिटून बसल्यावर अक्षर पुन्हा स्वच्छ होत असेल तर नंबरापेक्षा कोरडेपणाचा संशय अधिक घ्यावा. त्याला विश्रांती हवी, पंख्याचा किंवा वातानुकूलन यंत्राचा थेट झोत डोळ्यांवरून हलविला पाहिजे. पडदा बंद करून त्याच्या काळ्या काचेत पाहावे : मागची खिडकी किंवा ट्यूबलाइट त्यात आरशासारखी दिसत असेल तर दोष टेबलाच्या मांडणीचा आहे. दूरची पाटीही धूसर दिसू लागली असेल तर नेहमीच्या चष्म्याचाच नंबर बदलला असण्याची शक्यता अधिक. पण पडदा पुढे ओढून पुस्तकाच्या अंतरावर आणि खाली ठेवला असता बायफोकलच्या खालच्या भागातून अक्षर ठसठशीत दिसते, आणि मागे नेताच विरते, अशी स्थिती असेल तर पडद्याच्या अंतराचा नंबर डोळ्यांना नाही, हे जवळजवळ निश्चित समजावे. आमच्या भगिनींच्या बाबतीत नेमके हेच घडले. शेवटचा निर्णय मात्र नेत्रतज्ज्ञाचा, आणि तपासणीला जाताना मोजलेले अंतर कागदावर लिहून न्यावे. ते सांगितले नाही तर तपासणारा सवयीने पुस्तकाच्याच अंतराचा नंबर देतो, आणि पैसे खर्चूनही दुखणे जेथल्या तेथे राहते.

निळ्या प्रकाशाचे जे स्तोम दुकानांतून माजविले आहे, त्याला पत्रात जागा देऊ नये. वैद्यकीय प्रयोगांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 2023 साली अशा काचांवरील 17 चाचण्या तपासल्या. साध्या काचांच्या तुलनेत या काचांनी पडद्यापुढचा ताण अल्पकाळात कमी होत असल्याचे त्यांत दिसले नाही. व्यवस्थापनाच्या डॉक्टरला एवढा एकच आढावा ठाऊक असला, तरी ‘निळ्या प्रकाशापासून संरक्षण’ मागणारा अर्ज तो न्याय्यपणे फेटाळू शकेल, आणि त्या फेटाळणीबरोबर खऱ्या नंबराची खरी मागणीही वाहून जाईल. दुकानदाराचा तो कागद आम्ही बाईंना परत दिला.

आता हक्काचा प्रश्न. या बाबतीत सर्वांत उद्बोधक प्रकरण रुमानियातले आहे. क्लुज शहरातील परदेशी नागरिकांच्या नोंदणी व स्थलांतराच्या सरकारी कचेरीत काम करणारा एक कर्मचारी. न्यायालयाच्या कागदपत्रांत तो केवळ दोन आद्याक्षरांनी ओळखला जातो. पडद्यासमोरचे काम, नैसर्गिक उजेडाचा अभाव आणि मानसिक ताण यांमुळे आपली दृष्टी खालावली व नेत्रतज्ज्ञाच्या सल्ल्याने चष्मा बदलावा लागला, असे त्याचे म्हणणे. खर्च आला 2,629 लेई, म्हणजे सुमारे 530 युरो. त्याने कचेरीकडे भरपाई मागितली. कचेरीने ती नाकारली. खालच्या न्यायालयानेही त्याचा दावा फेटाळला. कारण असे दिले की मालकाने चष्मा पुरवावा एवढेच रुमानियाचा कायदा सांगतो. कामगाराने स्वतः घेतलेल्या चष्म्याचे पैसे परत करावेत, असे तो सांगत नाही. हा युक्तिवाद ज्यांनी आयुष्यात एकदा तरी वैद्यकीय बिल सादर केले आहे, त्यांना परका वाटणार नाही.

प्रकरण अपिलात गेले व अपील न्यायालयाने ते लक्झेंबर्ग येथील युरोपीय संघाच्या न्यायालयाकडे अर्थनिर्णयासाठी पाठविले. प्रश्न होता 29 मे 1990 च्या युरोपीय निर्देशाच्या नवव्या कलमाचा. पडद्यावर काम सुरू करण्यापूर्वी, त्यानंतर ठरावीक काळाने आणि त्रास जाणवेल तेव्हा डोळ्यांची तपासणी. तपासणीत गरज दिसली आणि नेहमीचा चष्मा चालत नसेल तर त्या कामासाठी योग्य असा विशेष चष्मा. आणि या कशाचाही आर्थिक भार कोणत्याही परिस्थितीत कामगारावर पडता कामा नये, असे हे कलम सांगते. न्यायालयाने 22 डिसेंबर 2022 रोजी निकाल दिला. पडद्याच्या कामाशी निगडित दृष्टिदोष सुधारण्यासाठी अथवा टाळण्यासाठी असलेला नंबराचा चष्मा हा ‘विशेष साधनां’त मोडतो. तो केवळ कचेरीतच वापरला पाहिजे, अशी अट नाही. दृष्टिदोष पडद्यामुळेच उद्भवला, हे सिद्ध करण्याचीही गरज नाही. मालकाने चष्मा स्वतः द्यावा किंवा कामगाराने केलेला आवश्यक खर्च परत करावा. दोन्ही मार्ग खुले आहेत. मात्र पगारात सरसकट दिलेला भत्ता हा तिसरा मार्ग होऊ शकत नाही.

हा शेवटचा मुद्दा आमच्या मते सर्वांत मोलाचा आहे. क्लुजच्या कर्मचाऱ्याला कष्टप्रद कामाबद्दल पगारात वाढीव रक्कम मिळत होती, आणि त्यातच चष्मा आला असे म्हणता येईल काय, हा प्रश्न न्यायालयापुढे होता. भत्ता हा सर्वांना, सारखा आणि कामाच्या त्रासाबद्दल मिळतो. चष्मा एका माणसाला, त्याच्या तपासणीनुसार आणि त्रास टाळण्यासाठी लागतो. एकाने दुसऱ्याची फेड होत नाही.

हा निकाल आपल्या देशात बंधनकारक नाही, हे कार्यकर्त्यांनी स्पष्ट ओळखून असावे. अर्जात तो हक्क म्हणून उद्धृत केला तर व्यवस्थापन हसेल, आणि त्याचे हसणे चुकीचे ठरणार नाही. आपल्याकडे 1948 च्या कारखाने अधिनियमात डोळ्यांसाठी एक कलम होते, पण ते उडणाऱ्या कणांपासून व प्रखर उजेडापासून संरक्षणाचे. कारकुनाचा तेथे विचार नव्हता, कारण तेव्हा त्याच्या टेबलावर दौत आणि टाक होता. त्या अधिनियमासह तेरा कायद्यांच्या जागी आलेली व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता 2020 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून अंमलात आली आहे. तिच्यातही पडद्याच्या चष्म्यावर वेगळे कलम नाही. तथापि तिच्या सहाव्या कलमात मालकाची सर्वसाधारण कर्तव्ये दिली आहेत. इजा वा व्यवसायजन्य रोग होऊ शकेल अशा धोक्यांपासून कामाची जागा मुक्त ठेवणे हे त्यांतले पहिले. आणि कामाच्या जागी सुरक्षा व आरोग्य राखण्यासाठी जे केले किंवा पुरविले जाईल, त्याबद्दल कर्मचाऱ्याकडून आकार घेता येणार नाही, हेही त्यांतच आहे. चष्मा या कर्तव्यात मोडतो असा निर्णय आमच्या हाती नाही. मोडतो असा युक्तिवाद मात्र सरळ मनाने करता येतो. तेव्हा आज आपल्या पत्राचा आधार तिहेरी राहतो : नेत्रतज्ज्ञाची चिठ्ठी, संहितेतील सर्वसाधारण कर्तव्य आणि कामातील चुकीशी असलेला प्रत्यक्ष संबंध. लक्झेंबर्गचा निकाल वाटाघाटीच्या टेबलावर, तोंडी बोलण्यात, युक्तिवादाचे शहाणपण म्हणून वापरावा.

या विचाराने बाईंचे पत्र पुन्हा लिहिले गेले. ते येथे, नावे वगळून, देत आहोत.

‘विषय : पडद्यावरील कामासाठी आवश्यक चष्म्याच्या खर्चाची प्रतिपूर्ती.

महोदय, मी कर्जवसुली विभागात लेखनिक असून कामाच्या दिवसातील सुमारे सात तास संगणकाच्या पडद्यावर आकडे नोंदविते. माझ्या डोळ्यांपासून पडद्याचे अंतर 65 सेंटिमीटर आहे. माझ्या नेहमीच्या बायफोकल चष्म्याने दूरचे व पुस्तकाच्या अंतरावरचे दिसते. पडद्याच्या अंतरावरचे अक्षर स्पष्ट दिसत नाही. या कारणासाठी मी नेत्रतज्ज्ञांकडून तपासणी करून घेतली. त्यांनी 65 सेंटिमीटर अंतरासाठी अधिक 1.25 नंबराचा स्वतंत्र चष्मा लिहून दिला आहे. चिठ्ठीची प्रत जोडली आहे.

फेब्रुवारीतील ज्या नोंदीबाबत मला लेखी समज देण्यात आली, ती दुपारच्या सत्रातील असून तीन व आठ या अंकांच्या अदलाबदलीची आहे. या चिठ्ठीच्या प्रकाशात त्या समजेतील ‘निष्काळजीपणा’ या शब्दाचा फेरविचार व्हावा, अशी माझी मागणी आहे.

तपासणी 400 रुपये, काचा 1,100 रुपये, साधी चौकट 900 रुपये, असा एकूण 2,400 रुपये खर्च झाला आहे. मूळ पावत्या जोडल्या आहेत. हा खर्च संस्थेच्या कामासाठी झालेला असल्याने, व आरोग्य राखण्याच्या साधनांचा आकार कर्मचाऱ्यावर टाकू नये असे 2020 च्या संहितेतील सहाव्या कलमाचे धोरण असल्याने, तो मला परत मिळावा. संस्थेने स्वतः चष्मा पुरविण्याची पद्धत सुरू केल्यास पुढील वेळी मी तीच स्वीकारीन. कृपया पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावे.’

पत्रात ‘उदार अंतःकरण’ नाही, आर्थिक परिस्थितीचा उल्लेख नाही. बाईंना हे प्रथम थोडे उद्धट वाटले. विशेषतः समजेचा परिच्छेद काढून टाकावा, उगाच जुने उकरून काढल्यासारखे होईल, असे त्यांचे म्हणणे होते. आम्ही तो ठेवण्याचा आग्रह धरला, कारण 2,400 रुपयांपेक्षा तो शब्द महाग आहे. बढतीच्या वेळी तो पुन्हा वाचला जाईल. चौकटीच्या बाबतीत मात्र आम्ही त्यांना आवरले. त्यांना आवडलेली चौकट 2,200 रुपयांची होती. आवश्यक तेवढाच खर्च मागता येतो. आवडीची किंमत मालकावर टाकली की सारा अर्जच आवडीचा ठरतो. ती चौकट हवी असल्यास वरचा फरक आपण भरावा, हे त्यांनी समजुतीने मान्य केले व साधीच घेतली.

पत्राची दुय्यम प्रत आवक क्रमांक व शिक्का घेऊन परत आणली आहे. लेखी उत्तर अद्याप आलेले नाही; तोंडी आले ते असे की संस्था सर्वांना दरमहा 150 रुपये संगणक भत्ता देतेच, सोळा महिन्यांत चष्मा फिटतो, आणि शिवाय तो चष्मा बाई घरीही वापरणारच. घरच्या वापराबाबत व्यवस्थापकांनी तो चष्मा स्वतः लावून कचेरीच्या दारातून समोरच्या दुकानाची पाटी वाचून पाहावी, असे बाईंनी त्यांना सुचविले. भत्ता शिपायापासून व्यवस्थापकापर्यंत सर्वांना सारखाच मिळतो, डोळे कोणाचेही तपासले जात नाहीत, हे उत्तर संघटनेने लेखी दिले आहे. येत्या वेतनकराराच्या मागणीपत्रात पडद्यावर काम करणाऱ्यांची दोन वर्षांतून एकदा नेत्रतपासणी व चिठ्ठीनुसार चष्म्याची प्रतिपूर्ती हे कलम भत्त्याच्या कलमापासून वेगळे, स्वतंत्र क्रमांकाने घातले आहे. अन्य पतसंस्थांतील शाखांनी आपापल्या मागणीपत्रांत ते याच स्वरूपात घ्यावे. भत्त्याच्या कलमात त्याचे पोटकलम करू नये.